श्रीताडाचं पान

दिवाळीच्या पाठोपाठ पाटणला जायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. आपल्या पंचांगात कार्तिक शुद्ध पंचमीला पांडवपंचमी असते. गुजरातेत त्या दिवशी लाभपंचमीचा मुहूर्त साधून दुकानं पुन्हा उघडतात आणि जैनांची त्याच दिवशी ज्ञानपंचमी असते. पावसाळाभर बंद असलेल्या पोथ्या या सुमारास बाहेर काढायच्या, पुसायच्या, त्यांची बासनं बदलायची आणि त्यांची पूजा करायची अशी जुनी रीत आहे. ताडपत्रांवर लिहिणाऱ्या साध्वींविषयी मी बरीच वर्षं वाचत होते. ती पानं जिथे लिहिली गेली, त्या गावी याच दिवशी जायला हवं असं वाटत होतं.

अहमदाबादहून पाटण साधारण सव्वाशे किलोमीटर. मेहसाण्यापर्यंत मी रेल्वेनं गेले आणि पुढे बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एरंड आणि कापूस, हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं. पाटणला येणारे बहुतेक लोक राणीची वाव पाहून परततात. अकराव्या शतकात राणी उदयमतीनं भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधलेली ही पायऱ्यांची विहीर पाहण्यासारखी आहेच. मीही सकाळी तिथे तासभर होते. साळवीवाड्यात पटोळ्याचा माग चालतो. तिथे कळलं की या साळवींची सातशे कुटुंबं राजा कुमारपालानं आपल्या जालन्याहून आणून वसवली, अशी परंपरेनं चालत आलेली कथा ते सांगतात. पण माझे पाय ओढत होते ते पंचासरा पार्श्वनाथाच्या देवळाकडे. त्याच्याजवळच हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर आहे. पाटणच्या पाड्यापाड्यांत विखुरलेले ग्रंथभांडार मुनी पुण्यविजयजींच्या पिढीनं या एका इमारतीत आणले. पाडा म्हणजे आपली आळी.

या गावाचं तेव्हाचं नाव अणहिलपाटक. सिद्धराज जयसिंहानं 1094 ते 1143 आणि त्याच्यानंतर कुमारपालानं 1172 पर्यंत इथे राज्य केलं. दोघांच्याही दरबारात आचार्य हेमचंद्रांचा शब्द चालत असे. सिद्धराजानं त्यांच्याकडून व्याकरण लिहवून घेतलं, त्याच्या प्रती करायला तीनशे लेखक बसवले आणि त्या देशोदेशी पाठवल्या, असं तेराव्या शतकातल्या प्रभावकचरितात आलं आहे. कुमारपालानं एकवीस ज्ञानभांडार उभारले, असं नंतरचे प्रबंधकार लिहितात. आकडे प्रबंधकारांचे आहेत, तेव्हा ते थोडे सैलच धरावेत. राजा ग्रंथ लिहवून घेत होता एवढं मात्र पक्कं.

ज्ञानमंदिरात काचेखाली ठेवलेलं ताडपत्र पाहताना पहिल्यांदा नजरेत भरते ती त्याची लांबी. हातभराहून अधिक लांब आणि जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. मधोमध दोरीसाठी भोक आणि त्याच्याभोवती लेखकानं सोडलेली मोकळी चौकट. पान लांब असलं की भोकं दोन आणि मजकुराचे स्तंभ तीन. उजव्या समासात पानाचा क्रमांक आकड्यांत असतो आणि डाव्या समासात तोच क्रमांक अक्षरांत, एकाखाली एक मांडलेला. एका बाजूची कड झिजली तरी पोथीचा क्रम लागतो. दक्षिणेत आणि ओडिशात ताडपत्रावर लोखंडी टोकानं अक्षर कोरतात आणि मग त्यात काजळी चोळतात. इथली अक्षरं कोरलेली नाहीत. बोरूनं, शाईनं लिहिलेली आहेत. जाड, काळीभोर, चौकोनी वळणाची ही अक्षरं नऊशे वर्षांनंतरही ओली असावीत अशी चमकतात.

दुपारी मी जवळच्या उपाश्रयात गेले. पाटावर पोथ्या मांडल्या होत्या, बायका वासक्षेप वाहत होत्या आणि लहान मुलं कोऱ्या वह्या व पेनं ठेवून नमस्कार करत होती. तिथे एक तरुण साध्वीजी जुन्या लिपीतल्या पोथीची नक्कल करत बसल्या होत्या. मी मराठीत काही पुटपुटले ते त्यांनी ऐकलं आणि मान वर केली. त्यांचं बालपण खानदेशात गेलं होतं.

“महाराजसाहेब, रोज किती लिहून होतं?” मी विचारलं.

“उजेड असेल तेवढं,” त्या म्हणाल्या. “आम्ही दिवा लावत नाही, ताई. अग्नीतही जीव असतो. सूर्य गेला की लेखणी खाली.”

पोथी वाचताना त्यांनी मुहपत्ती तोंडासमोर धरली होती. ज्ञानाच्या अक्षरावर थुंकीचा कण उडाला तर ती आशातना, म्हणजे अवज्ञा. त्यांनी मला पानाच्या कडेला हात लावू दिला. ते कागदी पान होतं. ताडपत्र आता कोणी लिहीत नाही, कारण तसं पानच मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग पाटाजवळ बसलेल्या एका वृद्ध काकांनी मला पानाची गोष्ट समजावली. ती ऐकल्यावर कुमारपाल राजाची एक जुनी आख्यायिका मला नव्यानं कळली.

ताड दोन प्रकारचा. आपल्याकडे, गुजरातेत, कोकणात दिसतो तो खरताड. त्याचं पान जाड, कडक, अरुंद. वाळलं की ते मोडतं. पोथीचं पान श्रीताडाचं. हे झाड केरळ आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीत वाढतं. त्याचं पान रुंद, पातळ आणि इतकं लवचिक की गुंडाळलं तरी पुन्हा सरळ होतं. हे झाड कित्येक दशकं वाढतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. म्हणजे पाटणच्या पोथीतलं प्रत्येक पान दक्षिणेच्या किनाऱ्यावरून आलेलं. कोवळी पानं तोडून, शीर काढून, पट्ट्या उकळून, सुकवून आणि घासून गुळगुळीत केल्यावर ती लिहिण्याजोगी होत. साधूसाध्वी झाड तोडत नाहीत. ते काम गृहस्थांचं, आणि पैसा श्रावकाचा किंवा राजाचा.

आख्यायिका पंधराव्या शतकातल्या कुमारपालप्रबंधात येते. राजा एकदा ग्रंथशाळेत गेला, तर लेखक कागदावर लिहीत होते. विचारलं तेव्हा आचार्यांनी सांगितलं की श्रीताडाची पानं संपली. राजाला लाज वाटली. आपण धन देतो आणि पान मिळू नये? त्यानं उपवास धरला, बागेतल्या खरताडांची पूजा केली आणि सकाळी ते श्रीताड झालेले आढळले. चमत्कार बाजूला ठेवला, तरी त्यामागची अडचण मला अगदी खरी वाटते. राजाच्या बागेत झाडं होती, पण चुकीची. जहाज आलं नाही, पान संपलं की मोठ्यात मोठ्या राजाचीही ग्रंथशाळा थांबते. हा राजा सगळं विकत घेऊ शकत होता, पण हे पान त्याच्या राज्यात उगवत नव्हतं.

उपाश्रयाच्या ओट्यावर बसून त्या दुपारी मी त्या काळातल्या एका साध्वीची कल्पना करत राहिले. ती माझ्या मनातली आहे. तिला मी नाव देत नाही, कारण त्या काळच्या बहुतेक लिहिणाऱ्या साध्वींची नावं कोणी नोंदवलेली नाहीत. तिचा परिसर मात्र या गावानं आणि या पोथ्यांनीच मला दिला.

साल धरू या 1165 च्या आसपासचं, कुमारपालाचं राज्य. ती एकोणीस वर्षांची असेल. हेमचंद्राचार्यांनी राजासाठी रचलेलं योगशास्त्र तिच्यासमोर आहे. राजा रोज त्याचं पठण करी, असं परंपरा सांगते. आता देवळाजवळच्या ग्रंथालयासाठी त्याची आणखी एक प्रत हवी आहे. चातुर्मास बसला आहे, म्हणजे चार महिने विहार नाही, एकाच गावी राहणं. लिहायला हाच काळ. पण हाच काळ पानांना सर्वांत वाईट.

पहाटेचं प्रतिक्रमण झालं, सूर्य वर आला आणि ती दाराजवळ बसली. मांडीवर फळी, फळीवर पान. शाई कालच श्रावकाच्या घरून तयार होऊन आली आहे. तिळाच्या तेलाच्या दिव्याचं काजळ, तेवढाच बोळ नावाचा डिंकासारखा चीक, त्याच्या दुप्पट डिंक आणि माक्याचा रस, हे सगळं पुष्कळ वेळ घोटलेलं. ताडपत्र कागदासारखं शाई पीत नाही. अक्षर पानावर नुसतं बसून राहतं आणि त्याला धरून ठेवतो तो डिंक. डिंक कमी पडला तर वाळल्यावर अक्षराचे पापुद्रे उडतात. जास्त झाला तर पावसाळी हवेत तो पुन्हा ओलसर होतो आणि दोन पानं एकमेकांना चिकटतात. अशी चिकटलेली पानं घाईनं सोडवली की एका पानावरची अक्षरं दुसऱ्याच्या पाठीवर उलटी उमटून निघतात. म्हणून ती पहिल्या दिवशी एका टाकाऊ तुकड्यावर दोन ओळी लिहून ठेवते, रात्रभर दमट हवेत राहू देते आणि सकाळी त्यावर बोट दाबून पाहते. बोटाला काळं लागलं, तर आज लिहायचं नाही.

आज लागलं नाही. ती लिहू लागते. एका ओळीत शंभरेक अक्षरं बसतात, पानाच्या एका बाजूला पाच ओळी. दोन्ही बाजू मिळून हजार अक्षरं. जुन्या लेखकांचं मोजमाप बत्तीस अक्षरांचं. गद्य असो वा पद्य, बत्तीस अक्षरं म्हणजे एक श्लोक, आणि ग्रंथाच्या शेवटी अशी एकूण संख्या लिहितात. तिला ग्रंथाग्र म्हणतात. योगशास्त्र साधारण हजार श्लोकांचं, म्हणजे बत्तीस हजार अक्षरं, बत्तीस पानं. भिक्षा, स्वाध्याय, पडिलेहण यांतून उरलेल्या उजेडात समजा रोज पन्नास श्लोक झाले, तर वीस दिवसांचं काम. मोठ्या टीकाग्रंथांचं गणित वेगळं. त्याच गावात, सिद्धराजाच्या काळात, मलधारी हेमचंद्र या दुसऱ्या आचार्यांनी विशेषावश्यक भाष्यावर लिहिलेली टीका अठ्ठावीस हजार श्लोकांची मानतात. तिची एक प्रत या वेगानं करायला साडेपाचशेहून अधिक दिवस लागतील आणि नऊशेच्या घरात पानं. म्हणजे जवळजवळ पाच चातुर्मास, फक्त लिहिण्यात.

अकराव्या दिवशी तिची चूक होते. तिच्यासमोरची मूळ प्रत पडिमात्रेची आहे. या लिपीत ‘के’ लिहायचा तर मात्रा डोक्यावर नाही, ‘क’च्या आधी उभ्या रेघेसारखी येते. अलीकडे ‘त’ असेल, तर मधली रेघ ‘त’चा काना की ‘क’ची मात्रा? ‘ताक’ वाचायचं की ‘तके’? रेघ एकच, शब्द दोन. अर्थ माहीत असेल त्यालाच नेमकं वाचता येतं. ‘च’ आणि ‘व’, ‘त्थ’ आणि ‘च्छ’ यांचीही अशीच गल्लत होते. नुसतं अक्षर पाहून उतरवणारा लेखक इथे हमखास घसरतो. पोथी शुद्ध आहे की नाही हे पाहायला आजचे संपादक अशाच जागा आधी तपासतात.

तिची चूक मात्र मात्रेची नव्हती, नजरेची होती. लागोपाठच्या दोन श्लोकांच्या शेवटी एकच शब्द आला होता. पहिल्या श्लोकाचा शब्द लिहून तिनं मान वर केली आणि नजर परत उतरली ती दुसऱ्या श्लोकाच्या त्याच शब्दावर. दुसरा श्लोक गळला. तिला ते कळलं नाही, कारण वाक्य पुढे व्यवस्थित चाललं होतं.

ते कळलं शोधनाच्या दिवशी. पोथी लिहून झाली की दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीच्या हाती मूळ प्रत, दुसरीच्या हाती नवी. एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं बोट फिरवायचं. गुरुणीजी वाचत होत्या. हिचं बोट थांबलं. आपल्या पानावर तो श्लोकच नाही. वाचनात सापडलं नसतं, तरी शेवटी ग्रंथाग्र मोजताना बत्तीस अक्षरं कमी भरली असती. ताडपत्रावर एखादं चुकीचं अक्षर ओल्या फडक्यानं पुसता येतं, पण गळलेला अख्खा श्लोक मध्ये घुसवायला जागा नसते. तिनं गळलेल्या जागी दोन ओळींमध्ये हंसपदाची लहान खूण केली. श्लोक समासात बारीक अक्षरांत लिहिला आणि त्यापुढे ओळीचा क्रमांक घातला. पान सुंदर राहिलं नाही. पाठ मात्र पुरा झाला.

काचेखालच्या पोथ्यांत मला अशी हंसपदं दिसली होती. आधी मला ती पानाला लागलेली गालबोटं वाटली. ओट्यावरून उठून मी परत जाऊन ती पाहिली, तेव्हा कळलं की ज्या पोथीच्या समासात अशी बारीक अक्षरं आहेत, ती पोथी कोणीतरी ताडून पाहिलेली आहे. समास कोरा असला तर लेखक निर्दोष होता असं नाही. बहुधा ती कोणी शोधलेलीच नाही.

प्रत संपताना लेखक स्वतःबद्दल थोडं लिहीत. पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मान घालून हे कष्टानं लिहिलं आहे, तेव्हा सांभाळा. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. मूर्खाच्या हाती देऊ नका. कितीतरी पोथ्यांच्या शेवटी अशा आशयाचे श्लोक आहेत. तेल अक्षर पसरवतं, पाणी डिंक सोडवतं आणि सैल बांधलेल्या पोथीची पानं एकमेकांवर घासून त्यांच्या कडा तुटतात. म्हणून वर-खाली लाकडी फळ्या, घट्ट दोरी, कापडी बासन आणि पेटी. पेटीत वेखंडाची पुरचुंडी. तिचा वास मला ज्ञानमंदिरात आला आणि आजीच्या घरच्या कपाटाची आठवण झाली.

कुमारपालानंतर आलेल्या अजयपालाच्या काळात आधीचा आश्रय राहिला नाही. पोथ्या वाळवंटातल्या जैसलमेरकडे नेल्या, असं परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या शेवटी अलाउद्दीनच्या फौजेनं पाटण घेतलं. कुमारपालाची ग्रंथशाळा कुठे होती हे दाखवायला आज गावात एक दगडही नाही. तरी पाटणच्या संघवी पाड्याच्या भांडारात विक्रम संवत 1157 ची, म्हणजे इसवी सन 1100 च्या सुमाराची, भडोचला लिहिलेली निशीथचूर्णीची सचित्र प्रत टिकली. कुमारपाल तेव्हा गादीवर यायचा होता.

आता साध्वींच्या नावांविषयी. मलधारी हेमचंद्रांना त्या मोठ्या टीकेच्या कामात ज्यांनी मदत केली, त्यांत आनंदश्री महत्तरा आणि वीरमती गणिनी या दोन साध्वी होत्या. महत्तरा आणि गणिनी ही अधिकाराची पदं आहेत. म्हणजे त्या नुसत्या उतरवून घेणाऱ्या नव्हत्या. माझ्या कल्पनेतली मुलगी अशाच कुणा गणिनीच्या हाताखाली शिकली असती.

त्याहून जुनं नाव भिन्नमालचं. पाटणहून उत्तरेला, आज राजस्थानात असलेल्या या गावी सिद्धर्षींनी विक्रम संवत 962 मध्ये, म्हणजे 906 साली, उपमितिभवप्रपंचा कथा पुरी केली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी लिहून ठेवलं आहे की हिची पहिली प्रत एका साध्वीनं लिहिली. ती दुर्गस्वामींची शिष्या, आणि लेखक तिला श्रुतदेवतेसारखी म्हणतात. हा मजकूर मूळ ग्रंथाचाच भाग असल्यामुळे पुढच्या प्रत्येक नकलाकारानं तोही जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे जुन्या पोथीच्या शेवटी 962 हे साल आणि या साध्वीचं नाव दिसलं, की ती पोथी तिच्याच हातची आणि त्याच सालची असं समजायची चूक होऊ शकते. ते साल रचनेचं. प्रत कधीची हे ठरवायला त्याच्याही नंतर नकलाकारानं स्वतःची ओळ लिहिली आहे का ते पाहावं लागतं, आणि ती नसेल तर अक्षराच्या वळणावरून काळ काढावा लागतो. राजाश्रयाच्या ग्रंथशाळेतल्या शेकडो लेखकांची नावं गेली. एका लेखकानं आपल्या ग्रंथाच्या आत लिहिलं म्हणून हे एक नाव अकराशे वर्षं हातोहात उतरत आलं.

संध्याकाळी साडेपाचला साध्वीजींनी बोरू पुसून ठेवला. बाहेर अजून बराच उजेड होता, पण आतल्या खोलीत अक्षर दिसेनासं झालं होतं. मी नमस्कार करून निघाले.

पुण्यात परतल्यावर मी पीटर्सन आणि याकोबी यांनी संपादित केलेली उपमितिभवप्रपंचा कथेची छापील आवृत्ती ग्रंथालयातून काढून शेवटची पानं उघडली. तुम्हाला ती मिळाली तर अगदी अखेरचे श्लोक पाहा. तिचं नाव तिथे दोन अक्षरांत आहे: गणा.